पीसीआर संपला म्हणजे पोलिसांचा हक्क संपला का?

मॅडम, माझा लहान भाऊ (वय २४) सीताबर्डीतल्या एका मोबाइलच्या दुकानात कामाला होता. दुकानातले ११ मोबाइल गेले म्हणून मालकानं तक्रार दिली. २ जूनला सकाळी ११ वाजता पोलिसांनी त्याला दुकानातूनच नेलं, पण कागदावर अटक रात्री ९ ची आहे. ३ तारखेला दुपारी ३ वाजता कोर्टात नेलं, ३ दिवसांचा पीसीआर झाला, मग ६ तारखेला आणखी २ दिवस. चार मोबाइल त्याच्याकडून मिळाले म्हणतात. ८ तारखेला २२ जूनपर्यंत एमसीआर मिळाला, तो आता वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये आहे. कलम ३०६ लावलं आहे. आम्हाला वाटलं, पोलिसांचं काम झालं. पण परवा एक शिपाई घरी येऊन सांगून गेला की "अजून दहा दिवस आमच्या हातात आहेत, परत घेऊन येऊ." आई तेव्हापासून जेवून नाही राहिली. जेलमधून परत ठाण्यात नेता येतं का? आणि दर वेळी न्यायाधीश तारीख वाढवूनच का देतात? किती दिवस हे चालणार?
— एक बहीण, नंदनवन, नागपूर

ताई, शिपायानं सांगितलेला दहाचा आकडा बरोबर आहे, पण "आमच्या हातात आहेत" हे बरोबर नाही. ते दहा दिवस न्यायाधीशांच्या हातात आहेत. भावाला परत ठाण्यात नेता येतं. त्यासाठी पोलिसांना अर्ज करावा लागेल, भावाला प्रत्यक्ष कोर्टात उभं करावं लागेल, तुमच्या वकिलांचं म्हणणं ऐकलं जाईल आणि मगच न्यायाधीश आदेश करतील. हे सगळं १२ जुलैच्या आत व्हायला हवं. त्यानंतर या गुन्ह्यात त्याला पोलिस कोठडी, म्हणजे पीसीआर, देता येत नाही. आईला हे आजच सांगा. शिपाई घरी येऊन जे बोलतो त्याला आदेशाची किंमत नसते.

हे आकडे कुठून आले ते सांगते, कारण २२ तारखेला तुम्हाला त्यांचाच उपयोग होणार आहे.

पोलिस कोठडीत माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो आणि तपास अधिकारी त्याला दिवसातून केव्हाही चौकशीला बसवू शकतो, पंचनाम्यासाठी बाहेर नेऊ शकतो. न्यायालयीन कोठडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एमसीआर म्हणतात, तिच्यात तो जेलच्या ताब्यात असतो. कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय पोलिस तिथे जाऊन त्याला प्रश्न विचारू शकत नाहीत. दोन्हीकडे दार बंदच असतं, पण बंद दाराआड त्याच्यासमोर कोण बसलंय हा फरक फार मोठा आहे. म्हणून कायद्यानं पोलिस कोठडीला कडक माप लावलं आहे: एका गुन्ह्यात एकूण १५ दिवस, त्याहून एक दिवसही जास्त नाही.

जुन्या कायद्यात हे १५ दिवस पहिल्या १५ दिवसांतच वापरावे लागत. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुपम कुलकर्णी खटल्यात तसा स्पष्ट निकाल दिला होता, आणि आम्ही वकील तीस वर्षं तोच धरून चाललो. पहिला पंधरवडा टळला की आरोपीच्या घरच्यांना "आता पीसीआर नाही" असं छातीठोकपणे सांगता यायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १८७ नं हे चित्र बदललं. पंधरा दिवसांचं माप तेच राहिलं, पण ते तुकड्यातुकड्यानं वापरता येतं. ज्या गुन्ह्यात तपासाला ६० दिवसांची मुदत आहे, तिथे पहिल्या ४० दिवसांत. ज्यात ९० दिवसांची मुदत आहे, तिथे पहिल्या ६० दिवसांत. भावाला लावलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ म्हणजे नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी करणं. त्याला जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे, म्हणून त्याची मुदत ६० दिवसांची आणि पीसीआरची खिडकी ४० दिवसांची.

दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत. न्यायाधीशांनी पहिल्यांदा रिमांड दिला त्या तारखेपासून मोजायचे आणि तो दिवस धरून मोजायचे. म्हणजे ३ जून हा पहिला दिवस. ३० जूनला २८ दिवस होतात, १२ जुलैला ४०, आणि १ ऑगस्टला ६०. पीसीआर वापरला गेला तीन अधिक दोन असा पाच दिवस, उरले दहा. शिपायाचा दहाचा आकडा याच हिशेबातून आला.

आता ८ तारखेच्या आदेशाची प्रत पाहा. नसेल तर वकिलांना नक्कल काढायला सांगा. मला जवळजवळ खात्री आहे की पोलिसांनी एमसीआर मागताना "पीसीआरचा हक्क राखून" असे शब्द घातले असतील. हल्ली बहुतेक रिमांड रिपोर्टांत, म्हणजे कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अर्जांत, ते दिसतात. घरची मंडळी ते वाचून घाबरतात. त्या शब्दांनी पोलिसांना नवा कुठलाही हक्क मिळत नाही. पुढे अर्ज करण्याची वाट उघडी ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. त्या अर्जावर न्यायाधीशांनी हो म्हणावं असं त्यात काही नाही.

न्यायाधीश तारीख का वाढवून देतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. याची दोन उत्तरं आहेत, कारण पीसीआर वाढवणं आणि एमसीआर वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पीसीआर मागताना पोलिसांना सांगावं लागतं की आरोपी ताब्यात असल्याशिवाय होणार नाही असं कोणतं काम उरलं आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या शोधापुरतं त्याचं सांगणं पुराव्यात येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हे आहे, पूर्वी ते कलम २७ होतं. म्हणूनच चोरीच्या गुन्ह्यात पोलिसांचा सगळा जोर जप्तीवर असतो. दोन पंचांसमोर आधी निवेदन पंचनामा होतो, आरोपी म्हणतो "मी ठेवलेली जागा दाखवतो", मग गाडीत बसून सगळे तिथे जातात आणि वस्तू निघाली की जप्ती पंचनामा. यासाठी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असावा लागतो, हे खरं आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत पहिल्या तीन दिवसांचं कारण हेच असणार, आणि कोणताही न्यायाधीश ते सहसा नाकारत नाही. तक्रार ११ मोबाइलची आहे, अजून एकही मिळालेला नाही, तपासाचा पहिला दिवस आहे. तीन दिवस दिले जातात.

दुसऱ्या वेळी, ६ तारखेला, न्यायाधीशांपुढे केस डायरी होती. रोज काय तपास केला त्याची ती नोंदवही. कोठडी वाढवायची तर न्यायाधीशांनी ती पाहायलाच हवी. चार मोबाइल मिळालेले दिसले असतील, सात बाकी आणि घेणारा माणूस कोण ते अजून कळलेलं नाही असं लिहिलं असेल. दोन दिवस देणं म्हणजे थोडा आखडता हात घेणंच आहे. त्यातून एक गोष्ट कळते. न्यायाधीशांनी डायरी पाहिली आणि पोलिसांनी मागितलं तेवढं सगळं दिलं नसावं. पहिल्या आणि दुसऱ्या रिमांड रिपोर्टात किती दिवस मागितले होते ते बघा. समजा पाच मागितले आणि दोन दिले असतील, तर २२ तारखेला तुमच्या वकिलांच्या हातात चांगला मुद्दा आहे.

आता तिसऱ्यांदा पीसीआर मागितला तर न्यायाधीशांनी एक प्रश्न विचारायला हवा, आणि त्यांनी तो विचारावा यासाठी तुमच्या वकिलांनी तयार राहायला हवं: ८ तारखेपासून आजपर्यंत नवं काय कळलं? भाऊ जेलमध्ये असताना तपास थांबलेला नसतो. सात मोबाइलपैकी एखादा चालू झाला, त्याच्या आयएमईआय या ओळख क्रमांकावरून कोणी पकडला गेला, त्यानं भावाचं नाव घेतलं, दोघांना समोरासमोर बसवायचं आहे, असं काही असेल तर ते नवं कारण आहे आणि पीसीआर मिळण्याची शक्यता खरी आहे. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण नवं काहीच नसेल आणि जुनाच मजकूर परत आला असेल, तर तो अर्ज फेटाळला जायला हवा.

जुना मजकूर कसा ओळखायचा ते सांगते. दोन्ही रिमांड रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. शेवटी क्रमांक घालून कारणं लिहिलेली असतात: गुन्ह्यातला उर्वरित मुद्देमाल जप्त करायचा आहे, आरोपीचे साथीदार आहेत काय याचा तपास करायचा आहे, आरोपीनं असे आणखी गुन्हे केले आहेत काय याची विचारपूस करायची आहे, आरोपी तपासात सहकार्य करीत नाही. मागच्या वर्षी माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात तिसऱ्या रिपोर्टात सात कारणं होती आणि सातही दुसऱ्या रिपोर्टातली, फक्त वरची तारीख बदलली होती. एका ओळीत तर दुसऱ्याच आरोपीचं आडनाव राहून गेलं होतं. मी दोन्ही कागद समोर ठेवले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्यांना विचारलं, "मागच्या पीसीआरमध्ये या सातपैकी काय केलं?" उत्तर आलं नाही. एमसीआर झाला.

या कारणांपैकी "सहकार्य करीत नाही" याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्याचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, संतोष फाफट यांच्या, सांगितलं की कबुली दिली नाही म्हणजे सहकार्य केलं नाही असं होत नाही. कोठडीतली चौकशी कबुली काढण्यासाठी नसते. वकिलांनी हा निकाल छापून सोबत न्यावा. तुमच्या भावानं पोलिसांना "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं असेल, तर ते उत्तरच आहे.

मोबाइलच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, जो दागिन्यांच्या चोरीत नसतो. चोरीला गेलेला मोबाइल शोधायला आरोपीपेक्षा त्याचा आयएमईआय क्रमांक जास्त उपयोगी पडतो. दुकानाच्या बिलावर तो असतोच. चोरीच्या मोबाइलांसाठीच्या सरकारी सीईआयआर यंत्रणेत तो टाकला की त्या मोबाइलमध्ये कोणी सिम घातलं याचा माग निघतो. कंपनीकडून कॉलचा तपशील मागवता येतो. यातल्या कशालाही भाऊ लॉकअपमध्ये असण्याची गरज नाही. आणि केवळ काही प्रश्न विचारायचे असतील, तर पोलिसांनी कोर्टाची परवानगी काढून जेलमध्ये जाऊन विचारावेत. पीसीआरला विरोध करताना नुसता "विरोध आहे" एवढं म्हणण्यापेक्षा तपासाचा हा दुसरा मार्ग न्यायाधीशांपुढे ठेवला, तर नाही म्हणणं त्यांना सोपं जातं.

पीसीआरसाठी भावाला दर वेळी प्रत्यक्ष हजर करावं लागतं, व्हिडिओवरून चालत नाही. न्यायाधीश सहसा विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" भावाला मुलाकातीत सांगून ठेवा की काही घडलं असेल तर शेजारी कोण उभं आहे ते न पाहता त्याच क्षणी सांगायचं. नंतर सांगितलेल्या तक्रारीला "तेव्हा का नाही बोलला" हा प्रश्न चिकटतो. पोलिस कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ठरलेलं आहे. मागच्या पाच दिवसांचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाचे कागद फाइलमध्ये आहेत का, ते वकिलांना पाहायला सांगा.

आता एमसीआरची वाढ. इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती जवळजवळ दर वेळी मिळतेच. साधारण चौदा दिवसांनी तारीख असते, भाऊ जेलमधल्या व्हिडिओ पडद्यावर दिसतो, "तपास चालू आहे" एवढं नोंदवलं जातं आणि पुढची तारीख पडते. एका माणसाला दोन मिनिटंही लागत नाहीत. मला ही पद्धत पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे की रिमांड देणं हे न्यायिक काम आहे, मन लावून करायचं, यांत्रिकपणे नाही. पण त्यामागचं कारणही समजून घ्या. त्या दिवशी न्यायाधीशांसमोर पोलिसांचा मुदतवाढीचा कागद असतो आणि आरोपीच्या बाजूनं बहुतेक वेळा काहीच नसतं. जामिनाचा अर्जच नसेल, तर तपास अपुरा असताना न्यायाधीश स्वतःहून माणसाला सोडत नाहीत. एमसीआर थांबवायचा खरा मार्ग म्हणजे जामीन अर्ज.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुमच्या वकिलांना असता: ८ तारखेला एमसीआर झाला, त्याच दिवशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली जामीन अर्ज का नाही टाकला? टाकला असेल तर उत्तम. सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला का, सुनावणी कधी, एवढंच विचारा. टाकला नसेल तर २२ तारखेची वाट पाहू नका. कदाचित वकिलांनी विचार केला असेल की पीसीआर बाकी आहे, तोपर्यंत न्यायाधीश जामीन देणार नाहीत. नव्या कायद्यात पोलिस सुद्धा नेमकं हेच म्हणतात: दहा दिवस शिल्लक आहेत, जामीन देऊ नये. पण त्याच कायद्याच्या कलम ४८० मध्ये याचं उत्तर लिहिलेलं आहे. पहिल्या १५ दिवसांनंतर पोलिस कोठडीची गरज पडू शकते, एवढ्याच कारणानं जामीन नाकारता येत नाही. आरोपी एरवी जामिनाला पात्र असावा आणि कोर्टाचे निर्देश पाळण्याची हमी त्यानं द्यावी. हे वाक्य अर्जात शब्दशः घालायला सांगा. भाऊ एकदा जामिनावर सुटला की जामीन रद्द झाल्याशिवाय त्याला या गुन्ह्यात परत पीसीआरमध्ये घेता येत नाही. म्हणजे शिपायाच्या दहा दिवसांवर खरा उपाय जामीन आहे.

जामिनाच्या बाजूनं तुमच्याकडे काय आहे? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. अशा गुन्ह्यात अटक हा अपवाद असावा, पोलिसांनी आधी नोटीस द्यावी आणि अटक केली तर का केली याची कारणं न्यायाधीशांपुढे ठेवावीत, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं ठरवून दिलं आहे. अटकेच्या कारणांची ती यादी ३ तारखेच्या कागदांत आहे का, आणि तिच्यात नुसत्या खुणा केल्या आहेत की तुमच्या भावाबद्दल खरंच काही लिहिलं आहे, ते पाहिलं पाहिजे. भाऊ नंदनवनला आईसोबत राहतो, पत्ता पक्का आहे, चार मोबाइल जप्त झाले आहेत. आधीचा गुन्हा नसेल तर ते ठळक लिहा. असेल तर लपवू नका, सरकारी पक्ष तो पहिल्याच ओळीत सांगणार आहे.

पहिल्या दिवसाबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते मला गंभीर वाटतं. सकाळी ११ ला नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला कोर्टात आणलं, म्हणजे २८ तास. कागदावरच्या रात्री ९ पासून मोजले तर १८. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे आणायचं, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा नियम आहे, आणि माणसाचं जाणं-येणं पोलिसांनी रोखलं तिथपासून अटक धरायची, पंचनाम्यावर लिहिलेल्या वेळेपासून नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलं आहे. हा मुद्दा खरं तर ३ तारखेलाच मांडायला हवा होता. त्या दिवशी लीगल एडचे वकील ऐनवेळी उभे राहिले असतील तर त्यांना सकाळी ११ ची गोष्ट कोणी सांगितली नसावी, याचा दोष त्यांना देऊ नका. आता मुद्दा जुना झाला असला तरी मेलेला नाही, पण त्याला पुरावा लागतो. तो दुकानाच्या सीसीटीव्हीत आहे, आणि बहुतेक दुकानांत जुनं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते फुटेज जपून ठेवावं असा अर्ज आजच कोर्टात द्यायला सांगा. त्याचबरोबर अटकेची कारणं भावाला लेखी, त्याला समजेल अशा भाषेत मिळाली होती का, हेही पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ठरवलं की ती प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची, आणि काही अडचणीनं लगेच देता आली नाही तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. तो कागद फाइलमध्ये नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर ठरतात.

आता शेवटच्या तारखेचं बोलते. १ ऑगस्टपर्यंत पोलिसांनी चार्जशीट दाखल केली नाही, तर भावाला जामिनाचा हक्क मिळतो. याला डिफॉल्ट बेल म्हणतात. इथे गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, हे पाहिलं जात नाही. मुदत संपली, चार्जशीट नाही, आरोपी जामीन द्यायला तयार आहे, एवढंच. पण हा हक्क मागावा लागतो, आणि चार्जशीट येण्याआधी मागावा लागतो. उशीर झाला तर तो जातो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. वकिलीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी एका मुलाचा ६१ वा दिवस होता. माझी दुसरीकडे सुनावणी होती, मी विचार केला की दुपारी टाकू अर्ज. तीन वाजता सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात पोहोचले तर बाबूनं सांगितलं, चार्जशीट बारा वाजता आली, हा बघा शिक्का. शिक्क्याखाली निळ्या शाईत वेळ लिहिलेली होती, १२.१०. तो मुलगा आणखी पाच महिने आत राहिला. त्याची आई मला काही बोलली नाही. तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक अशिलाचा ६१ वा दिवस लाल पेनानं लिहिलेला असतो आणि त्या दिवशी मी अकराच्या आधी कोर्टात असते.

तुमच्या भावाचा ६१ वा दिवस २ ऑगस्ट. त्या दिवशी रविवार किंवा सुट्टी आली तरी सुट्टीतले न्यायाधीश बसतात, अर्ज त्यांच्याकडे द्यायचा. अर्जावर आवक शिक्का आणि वेळ दोन्ही घ्यायची. आणि जामीनदाराचे कागद आधीच तयार ठेवायचे, घरपट्टीची पावती, शेती असेल तर सातबारा, नोकरी असेल तर पगारपत्रक, आधार. जामीन मंजूर होऊन जामीनदार मिळाला नाही म्हणून माणूस आतच राहिला, असं मी फार वेळा पाहिलं आहे. तुमच्या मामांचं किंवा काकांचं घर नावावर असेल तर जुलैमध्येच त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण जामीनदार राहणं म्हणजे काय हे समजल्यावर लोक विचार करायला वेळ मागतात.

एक धोका मात्र सांगायला हवा. हे १५ दिवस आणि ६० दिवस या एकाच गुन्ह्याचे आहेत. दुसऱ्या दुकानाच्या चोरीत भावाचं नाव आलं, तर पोलिस वॉरंट काढून त्याला जेलमधून त्या गुन्ह्यात ताब्यात घेऊ शकतात आणि तिथे मोजणी पहिल्यापासून सुरू होते. शिपाई "परत घेऊन येऊ" म्हणाला तेव्हा त्याच्या मनात कोणता गुन्हा होता, हे कळणं महत्त्वाचं आहे. वकिलांना सांगून तपास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. तुम्ही स्वतः ठाण्यात जाऊ नका, आणि तो शिपाई परत घरी आला तर त्याचं नाव, बिल्ला नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पैशाची भाषा केली तर त्याच दिवशी वकिलांना सांगा.

२२ तारखेला सकाळी अकराच्या आत कोर्टात या. दोन्ही रिमांड रिपोर्टांच्या नकला, ८ तारखेचा आदेश आणि भावाच्या औषधाचे कागद असतील तर ते सोबत आणा. एमसीआरची तारीख असेल तर तो पडद्यावर दिसेल. पण पोलिसांनी पीसीआर मागितला तर त्याला प्रत्यक्ष आणतील, आणि आरोपींना जेलमधून आणणाऱ्या पोलिस पार्टीची गाडी अनेकदा जेवणाच्या सुट्टीनंतर येते. तोवर वकिलांना कोर्ट सोडून जाऊ देऊ नका. आईला त्या दिवशी आणायचं असेल तर आधी तिला काहीतरी खाऊ घाला. तिथल्या व्हरांड्यात बसायला जागा कमी आणि ऊन फार असतं.